‘इमिजिएट जॉइनर’ म्हणजे किती दिवसांत?

प्रश्न : पुण्यातल्या आयटी कंपनीसाठी रिक्रूटरचा मेसेज आलाय : ‘कॉम्पिटिटिव्ह पॅकेज. इमिजिएट जॉइनर्स ओन्ली. सीटीसी, ईसीटीसी, एनपी कळवा.’ माझा नोटिस पिरियड ९० दिवसांचा आहे. मी यात बसते का? आणि पॅकेज किती समजायचं?

उत्तर : शब्दशः घेतलं तर ‘इमिजिएट’ म्हणजे उद्या हजर. भरतीच्या बोलीत मात्र तो साधारण पंधरा दिवसांच्या आत येऊ शकणाऱ्यांसाठी वापरतात. कधी तीस दिवसही चालवून घेतात. राजीनामा देऊन नोटिस भरत असलेली आणि शेवटचा दिवस जवळ आलेली माणसंही यातच धरतात. अशी घाई बहुधा क्लायंटचं काम तोंडावर आल्यामुळे असते. दुसरी भीती अशी की ९० दिवस हातात असलेला उमेदवार तेवढ्यात दुसरी ऑफर घेतो आणि जॉइनिंगच्या दिवशी येतच नाही. एजन्सीच्या रिक्रूटरला तर पैसे सहसा उमेदवार रुजू झाल्यावरच मिळतात.

म्हणून तुम्ही आज यात बसत नाही, पण दार अगदीच बंद नाही. ‘नोटिस बायआउट करता का?’ असं विचारा. म्हणजे उरलेल्या दिवसांची भरपाई नवी कंपनी देणार का. त्याआधी तुमच्या नियुक्तीपत्रात बायआउटचं कलम आहे का आणि तो निर्णय कंपनीच्या मर्जीवर ठेवलाय का, ते वाचा. बऱ्याच ठिकाणी पैसे भरूनही लवकर सोडत नाहीत. आणि लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा देऊ नका, रिक्रूटरने फोनवर कितीही भरवसा दिला तरी.

‘कॉम्पिटिटिव्ह पॅकेज’मधून रकमेबद्दल काहीच कळत नाही. आकडा आधी तुमच्याकडून काढून घ्यायचा, म्हणून सीटीसी आणि ईसीटीसी, म्हणजे सध्याचं आणि अपेक्षित वार्षिक पॅकेज, दोन्ही मागतात. बारा लाखांची ऑफर आली असं धरू. बेसिक सहा लाख, व्हेरिएबल १,२०,०००, कंपनीचा पीएफ वाटा बेसिकच्या १२ टक्के म्हणजे ७२,००० आणि ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे २८,८६०. बेसिक सोडून बाकीचे हे तिन्ही सीटीसीत मोजलेले असतात, पण दरमहा हातात पडत नाहीत. उरले ९,७९,१४०, म्हणजे महिन्याला ८१,५९५. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की ७५,३९५ राहतात. आयकर लागू असेल तर तो वेगळा. व्हेरिएबल कामगिरीवर अवलंबून, त्यामुळे ते पूर्ण मिळेलच असं नाही.

उत्तर असं पाठवा : ‘नोटिस ९० दिवस, बायआउट शक्य असल्यास लवकर येऊ शकते. या पदाचं बजेट किती? त्यात फिक्स्ड किती आणि व्हेरिएबल किती?’ बजेट कळेपर्यंत ईसीटीसीच्या रकान्यात आकडा टाकू नका. ‘अ‍ॅज पर कंपनी स्टँडर्ड्स’ एवढंच उत्तर आलं, तर तुमच्या मनातला किमान फिक्स्ड आकडा कळवा आणि तो बसतो का ते विचारा. बसत नसेल तर मुलाखतीच्या फेऱ्या तरी वाचतील.