रायव्हल गुड म्हणजे 'स्पर्धात्मक वस्तू' का?

"अर्थशास्त्राच्या नोट्समध्ये रायव्हल गुडला 'स्पर्धात्मक वस्तू' लिहिलंय. म्हणजे बाजारात जिच्यासाठी कंपन्यांची स्पर्धा चालते ती का? आणि पब्लिक गुड म्हणजे सरकारी वस्तूच ना?"

दोन्हीला नाही. 'स्पर्धात्मक' वाचलं की समोरासमोरचे दोन दुकानदार आठवतात आणि घोळ तिथेच होतो, कारण इथे प्रश्न विकणाऱ्यांचा नाहीच, वापरणाऱ्यांचा आहे: मी वापरलं की तुझ्यासाठी तेवढं कमी होतं का? मी पकडलेला मासा तुला पकडता येणार नाही, पण मी बघितलेला हवामानाचा अंदाज तुला पूर्णच्या पूर्ण बघता येतो. एलिनॉर ऑस्ट्रॉम (२००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल) यांनी याला 'सबट्रॅक्टॅबिलिटी' हा शब्द वापरला, म्हणजे सरळ वजाबाकी! मला विचाराल तर मराठीत 'वापरात घटणारी वस्तू' म्हणावं, लांबलचक आहे पण फसवत तरी नाही.

दुसरी कसोटी एक्सक्लूडेबिलिटी. त्याला आपल्याकडे 'मज्जाव' हा झकास शब्द आहे. पैसे न देणाऱ्याला परवडेल अशा खर्चात बाहेर ठेवता येतं का, एवढंच बघायचं. घट आणि मज्जाव, या दोन्हींच्या हो-नाहीतून वस्तूंचे चार खाने पडतात.

आता एक रस्ता घ्या. फुकट आणि रिकामा असेल तर माझ्या गाडीने तुमचं काही घटत नाही आणि मज्जावही नाही, म्हणून पब्लिक गुड. त्यावर टोलनाका बसवला की मज्जाव आला पण घट अजून नाही, हे क्लब गुड. हायवेच्या एका लेनमधून तासाला साधारण २००० गाड्या जातात, त्या आकड्याजवळ गर्दी गेली की प्रत्येक नवी गाडी मागच्या सगळ्यांचा वेळ खाते, म्हणजे घट सुरू. अशा वेळी फुकट रस्ता कॉमन रिसोर्स होतो आणि टोलवाला प्रायव्हेट गुडकडे सरकतो. डांबर तेच, मालकही तोच, पहाटे एक खाना आणि संध्याकाळी दुसरा. त्यामुळे 'रस्ता हे पब्लिक गुड' असं पाठ करून परीक्षेत लिहिणाऱ्यांची मला गंमत वाटते.

सरकारीचं उत्तरही यातच आलं. सरकारी दवाखान्यातली खाट सरकारची असली तरी एका पेशंटने घेतली की दुसऱ्याला नाही, आणि दारातून परतही पाठवता येतं, म्हणजे या वर्गीकरणात ती प्रायव्हेट, मग सरकार ती फुकट का देईना.

'कॉमन'चंही तसंच, त्याचा अर्थ सामायिक मालकी असा नाही. खोल समुद्रातल्या माशांना मालक नसतो, पण घट असते आणि मज्जाव महाकठीण. कॅनडाने न्यूफाउंडलंडजवळची कॉड मासेमारी १९९२ मध्ये बंद केली तोवर साठा कोसळलेला होता. आणि तोच मासा बोटीत आला की प्रायव्हेट गुड!