वाचन मोहिमेसाठी पहिलं घोषवाक्य लिहिताय? मग आधी हे वाचा

तुमचं 'मोबाईल सोडा, पुस्तक जोडा' वाचलं. यमक छान जमलंय, पण पंधरा वर्षांच्या पोराला त्यात घरचाच आवाज ऐकू येतो, 'सोड तो फोन' हे तो दिवसभर ऐकतच असतो, त्यामुळे पोस्टरकडे बघणारही नाही. सुरुवातीला बहुतेक जण इथेच अडकतात, फोनला शत्रू करतात आणि पुस्तकात काय मिळेल ते सांगायचंच राहून जातं.

म्हणून आधी आज्ञा काढून टाका. मग पुस्तकातली एकच गोष्ट पकडा, जी फोनवर सहसा मिळत नाही. ज्ञान, संस्कार, भविष्य असले शब्द नकोत, ते शाळेच्या फळ्यावर रोज असतात. समजा आपण 'गोष्ट डोक्यात रेंगाळते' हे घेतलं. पहिला खर्डा होईल, 'रील पाहून लगेच विसरतोस पण चांगली गोष्ट रात्रभर डोक्यात राहते'. मुद्दा बरोबर आहे, पण चालता चालता वाचायला फार लांब. आता छाटा:

'रील विसरशील. ही गोष्ट छळेल.'

पाचच शब्द, उपदेश नाही, आणि 'ही' म्हटल्यावर कुठली गोष्ट हे बघावंसं वाटतं. फक्त खाली एखाद्या खऱ्या पुस्तकाचं नाव हवंच, नाहीतर ते 'ही' लटकतं.

मग चार-पाच मुलांना दाखवा, काही समजावू नका, आणि दुसऱ्या दिवशी विचारा काय आठवतंय. 'काहीतरी मोबाईलबद्दल होतं' असं उत्तर आलं तर परत लिहा. फॉन्ट, रंग, हॅशटॅग सगळं नंतर बघू.