ताटाभोवतीचं पाणी आणि पोटातला अग्नी

आमचे आजोबा जेवायच्या आधी ताटाभोवती पाणी फिरवायचे, बाजूला शितं ठेवायचे, मग पाच छोटे घास न चावता गिळायचे. याचा यज्ञाशी काय संबंध? (महाल, नागपूर)

थेट संबंध आहे, आणि तो समजायला आधी मूळ अग्निहोत्र बघावं लागतं. घरात तीन अग्नी असायचे, पश्चिमेला गोल कुंडात गार्हपत्य, पूर्वेला चौकोनी कुंडात आहवनीय आणि दक्षिणेला अर्धगोल कुंडात दक्षिणाग्नी. रोज सकाळ-संध्याकाळ गार्हपत्यावर दूध तापवायचं, पळीने हवणी नावाच्या होमाच्या लाकडी पळीत काढायचं आणि आहवनीयात दोन आहुत्या द्यायच्या, संध्याकाळी पहिली अग्नीला, सकाळी सूर्याला, दुसरी प्रजापतीला आणि तीही मनातल्या मनात. उरलेलं दूध स्वतः प्यायचं.

छांदोग्य उपनिषदाच्या पाचव्या अध्यायात अश्वपती कैकेय नावाचा राजा हीच सगळी मांडणी उचलून माणसाच्या शरीरात ठेवतो. छाती म्हणजे वेदी, अंगावरचे केस म्हणजे वेदीवर अंथरलेले दर्भ, हृदय गार्हपत्य, मन दक्षिणाग्नी आणि तोंड आहवनीय! म्हणून तो सांगतो की जेवताना जे अन्न पहिल्यांदा समोर येईल ते होमाचं, पहिला घास 'प्राणाय स्वाहा' म्हणून घ्या, आणि पुढे व्यान, अपान, समान, उदान या शरीरातल्या बाकीच्या चार प्राणांसाठी. यालाच प्राणाग्निहोत्र म्हणतात आणि तुमच्या आजोबांचे पाच घास म्हणजे हेच, फक्त आपल्याकडे क्रम सहसा प्राण, अपान, व्यान, उदान, समान असा म्हणतात, तो तैत्तिरीय परंपरेतून आलेला आहे, त्यामुळे दोन घरांत क्रम वेगळा ऐकला तर कुणी चुकतंय असं समजू नका. बाजूची शितं म्हणजे चित्राहुती, ती वेगळी, ती ताटाबाहेर ठेवायची असते. पाच घास मात्र आतल्या अग्नीत जातात. आणि चावायचं नाही कारण ती आहुती आहे, जेवण त्यानंतर सुरू होतं. शाळेच्या डब्याच्या वेळी आपण सगळे 'उदरभरण नोहे जाणिजे यज्ञकर्म' म्हणायचो ना, ते ह्याच विचाराचं मराठी रूप आहे.

मग उपनिषदांनी यज्ञ बंदच करायला सांगितला का? (धरमपेठ)

नाही, आणि हा गैरसमज मला फार खटकतो. हा बदल बाहेरून कुणी विरोधक येऊन केलेला नाही, तो यज्ञ करणाऱ्यांच्याच ग्रंथांत सुरू झाला. शतपथ ब्राह्मण हा मुख्यतः कर्मकांडाचा ग्रंथ, त्यात जनक राजा याज्ञवल्क्याला विचारतो, अग्निहोत्र माहीत आहे का? तो म्हणतो, हो, दूध. दूध नसेल तर? तांदूळ-जव. तेही नसतील तर? दुसऱ्या वनस्पती. त्याही नसतील तर? असं खाली खाली येत गोष्ट रानातल्या वनस्पती, झाडाची फळं आणि शेवटी पाण्यापर्यंत येते. आणि पाणीही नसेल तर? तेव्हा याज्ञवल्क्य म्हणतो, मग इथे काहीच नसेल, पण तरीही होम होईलच, श्रद्धेत सत्याचा होम. जनकाने त्याला शंभर गाई दिल्या.

म्हणजे बघा, वस्तू एक एक काढून घेत गेले आणि शेवटी काय उरतं ते शोधलं. छांदोग्य पुढे म्हणतं की हे न जाणता अग्निहोत्र करणं म्हणजे निखारे बाजूला सारून राखेत आहुती टाकण्यासारखं आहे. इथे दोष आहुतीचा नाही, न जाणण्याचा आहे. कौषीतकी उपनिषद त्याही पुढे जातं, तिथे बोलताना श्वासाची वाणीत आहुती पडते आणि श्वास घेताना वाणीची श्वासात, कारण दोन्ही एकदम होत नाहीत, हा होम झोपेतही थांबत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात अपानात प्राणाचं हवन येतं ते याच वाटेवरचं.

ऑनलाइन मिळतं ते तांब्याचं पिरॅमिड पात्र, तेच वेदातलं अग्निहोत्र का? (मानेवाडा)

नाही. गोवरी, तूप आणि तांदळाची ती आधुनिक पद्धत आहे. श्रौत म्हणजे वेदातल्या अग्निहोत्रात तीन अग्नी लागतात, मुख्य द्रव्य दूध असतं आणि यजमानाने पत्नीसह आधी अग्न्याधान, म्हणजे त्या अग्नींची विधिपूर्वक स्थापना, केलेलं असावं लागतं. मनापासून करत असाल तर जरूर करा, पण नाव एक म्हणून विधी एक होत नाही.

या सगळ्यात आपल्या विदर्भाचं नाव कुठे येतं का? (सीताबर्डी)

येतं, आणि नेमकं प्राणाच्या प्रश्नातच! प्रश्नोपनिषदात पिप्पलाद ऋषींकडे सहा जण प्रश्न घेऊन जातात, त्यातला दुसरा भार्गव वैदर्भी, म्हणजे विदर्भाचा. तो विचारतो की शरीराला किती देव धरून ठेवतात आणि त्यांत श्रेष्ठ कोण? उत्तरात गोष्ट येते की वाणी, मन, डोळे, कान सगळे म्हणाले आम्हीच हे शरीर धरून ठेवलंय, तेव्हा प्राण म्हणाला, मीच स्वतःचे पाच भाग करून हे धरलंय. कुणी विश्वास ठेवेना. मग प्राण नुसता वर उठायला लागला तर, मधमाश्यांचा राजा उठला की सगळ्या माश्या उठतात तसे सगळे उठले, आणि तो बसला तसे सगळे खाली बसले. ताटावरचे पाच घास त्याच पाच भागांचे आहेत.