अधिष्ठात्यांना पत्र आणि सातबाऱ्यावरची अकरा नावं

प्रश्न: शिष्यवृत्तीच्या अर्जासोबत कॉलेजच्या डीनना पत्र जोडायचंय. घरची परिस्थिती आणि मार्क, दोन्ही कसं मांडू? एक सेमिस्टर खराब गेलंय, ते लिहावं का? आमची थोडी आंब्याची बाग आहे.

तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. बाकी सगळं जमेल, पण त्या बागेचं नीट लिहिलं नाहीत तर अर्ज तिथेच अडकेल. माझा अडकला होता.

मी दापोली तालुक्यातली. कृषी पदवीच्या दुसऱ्या वर्षात जाणार होते तेव्हा, 3 जून 2020 ला, निसर्ग वादळ आलं. पुढच्या फेब्रुवारीत कॉलेजची देणगीतून चालणारी एक शिष्यवृत्ती निघाली. निर्णय अधिष्ठात्यांच्या हातात होता. पत्र कसं लिहायचं ते मोठ्या काकांनी मुंबईहून फोनवर सांगितलं आणि मी निमूटपणे उतरवून घेतलं. ‘मी अत्यंत गरीब शेतकरी कुटुंबातील होतकरू विद्यार्थिनी असून, वादळाने आमचे सर्वस्व हिरावून नेले आहे.’ पानभर तेच. शेवटी ‘आपण मायबाप आहात’.

चार दिवसांनी कार्यालयात बोलावणं आलं. टेबलावर माझा सातबारा होता, 1 हेक्टर 60 आर, पीक आंबा. शेजारी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, 2019-20 या वर्षाचा. कारकुनांनी सातबाऱ्यावर बोट ठेवून विचारलं, “चार एकर हापूस असलेल्याला गरीब म्हणायचं?” मला उत्तर माहीत होतं, पण पत्रात ते कुठेच नव्हतं. अर्ज परत मिळाला. मुदत संपायला पाच दिवस होते.

उत्तर काय होतं ते कोकणातल्या कोणालाही सांगायला नको. त्या सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत. बाबांचा वाटा आठवा, म्हणजे 20 आर. दहा बाय दहा मीटरवर लावलेली बाग, म्हणजे आमच्या वाट्याला वीस कलमं. बाकीचे हिस्सेदार मुंबईत, पुण्यात. दाखल्यावरचं वर्ष 31 मार्च 2020 ला संपलेलं, वादळ त्यानंतरचं. म्हणजे कागद दोन्ही खरे, पण दोन्ही मिळून चुकीचं चित्र उभं करत होते. ते दुरुस्त करायला पत्र असतं. कागदांवर आहे तेच पुन्हा लिहायला किंवा रडायला ते नसतं.

दुसरं पत्र मी स्वतः लिहिलं. पहिल्याच ओळीत रक्कम टाकली. वर्षाचा खर्च 74 हजार, घरून 38 हजार येऊ शकतात, कमी पडतात 36 हजार, तेवढेच मागते आहे. घरचे 38 हजार कुठून येणार तेही लिहिलं, काजूचे किती, आईच्या शिवणकामाचे किती. हे लिहायला लाज वाटते, पण ‘जमेल तेवढी मदत करावी’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही.

मग बागेचा परिच्छेद. तो जसाच्या तसा देते, शब्द अजून पाठ आहेत: ‘सोबतच्या सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र 1 हेक्टर 60 आर असून त्यात 11 सहहिस्सेदार आहेत. माझ्या वडिलांचा हिस्सा 20 आर, त्यात 20 कलमे होती. पैकी 12 पडली. उत्पन्नाचा दाखला वादळापूर्वीच्या वर्षाचा आहे. नवीन कलम लावल्यास उत्पन्न सुरू होण्यास पाच-सहा वर्षे लागतात, त्यामुळे माझी पदवी पूर्ण होईपर्यंत ही तूट भरून निघणार नाही.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. यंदाची अडचण आणि पदवी संपेपर्यंतची अडचण यांत फरक असतो, आणि तो तुम्ही लिहिल्याशिवाय कोणाला कळत नाही. नुकसानभरपाईही लपवली नाही. फळबागांना हेक्टरी 50 हजार जाहीर झाले होते, आमच्या हिश्शाचे 10 हजार होत होते, पण हिस्सेदारांची संमतीपत्रं गोळा झाली नव्हती म्हणून हातात आले नव्हते. तेही एका ओळीत. सरकारी मदत मिळाली असणारच असं वाचणारा मनात धरून चालतो, त्याआधी आपण सांगावं.

मार्कांचं थोडक्यात. पहिल्या दोन सत्रांत मला 8.12 आणि 8.31 होते, तिसऱ्यात 6.87. लिहा, नक्की लिहा, गुणपत्रक जोडलेलंच असतं. पण ‘परिस्थितीमुळे अभ्यासावर परिणाम झाला’ हे वाक्य नको, ते सगळेच लिहितात. माझ्या दोन विषयांच्या मध्यसत्र परीक्षा ऑनलाइन होत्या, गावात टॉवर बंद होता, त्या बुडाल्या. त्याच विषयांच्या प्रात्यक्षिकांचे गुण आधीच्याच पातळीवर होते. मी विषयांची नावं दिली आणि लिहिलं की गुणपत्रकात दोन्ही शेजारी दिसतील. घसरण नेमकी कुठे झाली ते दाखवता आलं की कारण पटतं. तुमचं कारण वेगळं असेल तर ते तसंच लिहा. खरोखर अभ्यास केला नसेल तर वादळाला पुढे करू नका.

पत्र एका पानात बसलं. शिष्यवृत्ती मिळाली, पूर्ण 36 हजार.

पण काका अजून रागावलेले आहेत. प्रत्येक गणपतीला आले की निघतंच, “घरचा वाटा-हिस्सा परक्यासमोर मांडलास.” त्यांच्या मते गरीब म्हणवून घेण्यात कमीपणा नाही, पण आपला वाटा आठवा आहे हे सांगण्यात आहे. मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ‘मायबाप’ लिहून मी लाचार झाले होते. 20 आर लिहिल्यावर ताठ मानेने त्या खुर्चीसमोर बसता आलं. घराण्याची चार एकर बाग अखंड दिसावी म्हणून घरातल्या मुलीने फी भरायची राहावी, ही कुठली अब्रू? आणि ती संमतीपत्रं कोणाच्या सह्यांसाठी अडली होती, हेही काकांना चांगलं माहीत आहे.

दोन गोष्टी राहिल्या. सरकारी शिष्यवृत्ती असेल, महाडीबीटीवर भरायची, तर तिथे पत्राला काही अर्थ नाही. उत्पन्नाच्या बाबतीत दाखल्यावरचा आकडा मर्यादेत बसतो की नाही एवढंच बघतात. वर लिहिलेलं सगळं कॉलेजच्या किंवा देणगीच्या शिष्यवृत्तीसाठी. आणि तुमच्या जमिनीचा वाटपाचा दावा कोर्टात चालू असेल तर हिश्शाबद्दल एकही शब्द लिहिण्याआधी वडिलांना दाखवा.

मी बाबांना पूर्ण पत्र वाचून दाखवलं होतं. माझ्या मसुद्यात पडलेली कलमं 13 होती, पंचनाम्यात तीच होती. बाबा म्हणाले, “बारा लिही. विहिरीजवळचं नुसतं कलंडलं होतं, टेकू देऊन उभं केलंय, त्याला पालवी आलीय.” पंचनाम्याशी मेळ बसेना म्हणून मी खाली तेही कारण लिहिलं. अधिष्ठात्यांनी भेटीत बाकी काही न विचारता आधी त्या तेराव्या कलमाचं विचारलं, मोहोर आला का म्हणून.