लगेच ‘करेक्टेड’, दोन तासांनी ‘नॉट करेक्टेड’: मिक्सिंग स्टडीचा असा रिपोर्ट कसा वाचायचा?

प्रश्न: वडील ७१ वर्षांचे. महिन्याभरापासून अंगावर मोठमोठे काळेनिळे डाग उठतात, आधी असं कधी नव्हतं. पीटी नॉर्मल, एपीटीटी ८४ सेकंद. मिक्सिंग स्टडीत नॉर्मल पूल ३०, मिक्स लगेच ३६ (करेक्टेड), दोन तासांनी मिक्स ६१, पूल ३२ (नॉट करेक्टेड). दोन्ही एकदम कसं? फॅक्टर कमी आहे की इनहिबिटर आहे?

उत्तर:

दोन्ही. फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं प्रथिन, कमी आहे, आणि कमी असण्याचं कारण बहुधा इनहिबिटर, म्हणजे त्याला निकामी करणारा पदार्थ, आहे. या आकड्यांवरून पहिला संशय फॅक्टर आठविरुद्ध तयार झालेल्या अँटीबॉडीचा येतो, म्हणजे अक्वायर्ड हिमोफिलिया ए. मी कोअ‍ॅग्युलेशन लॅबमध्ये काम करतो, उपचार करत नाही, पण एक गोष्ट आधीच सांगतो: हा रिपोर्ट पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघण्यासारखा नाही. आजच हिमॅटॉलॉजिस्टला दाखवा. तोवर दंडात किंवा कमरेत इंजेक्शन नको, अ‍ॅस्पिरिन किंवा ब्रुफेनसारख्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, दात काढणं वगैरे तर नकोच. शौच काळी झाली, लघवीतून रक्त गेलं, डोकं खूप दुखू लागलं किंवा हातपाय सुजून घट्ट झाले तर सरळ कॅज्युअल्टी गाठा.

आता रिपोर्टकडे. पीटी आणि एपीटीटी या प्लाझ्मा गोठायला किती सेकंद लागतात हे मोजणाऱ्या चाचण्या. पीटी नॉर्मल आणि एपीटीटी लांबलेला, म्हणजे संशयित मुख्यतः फॅक्टर आठ, नऊ, अकरा आणि बारा उरतात. यातला बारा कमी असला तरी रक्तस्राव होत नाही. वडिलांना डाग उठताहेत, म्हणून तो बाजूला ठेवू. प्रश्न असा, की उरलेल्यांपैकी कुठला फॅक्टर मुळातच कमी आहे, की प्लाझ्मात काहीतरी त्याला काम करू देत नाही?

हे ओळखायला पेशंटचा प्लाझ्मा आणि नॉर्मल पूल समान भागांत मिसळतात. नॉर्मल पूल म्हणजे निदान वीसेक निरोगी माणसांचा एकत्र केलेला प्लाझ्मा, ज्यात प्रत्येक फॅक्टर जवळपास १०० टक्के असतो. समजा पेशंटचा फॅक्टर आठ १ टक्का आहे. निम्मा-निम्मा मिसळल्यावर मिश्रणात तो ५० टक्क्यांच्या आसपास येतो. एपीटीटी नॉर्मल यायला एवढा पुरतो, कारण रिएजंटनुसार फॅक्टर साधारण ३० ते ४० टक्क्यांच्या खाली गेल्यावरच ही चाचणी लांबते. म्हणजे नुसती कमतरता असेल तर मिक्सचा वेळ पुलाच्या जवळ येतो. इनहिबिटर असेल तर तो पुलातून आलेला फॅक्टरही निकामी करतो आणि वेळ लांबलेलाच राहतो.

‘जवळ येतो’ म्हणजे किती, यावर लॅबमध्ये बरेच वाद होतात. एक जुना आणि सोपा हिशेब रोझनर इंडेक्सचा आहे: मिक्समधून पूल वजा करायचा, पेशंटच्या वेळेने भागायचं आणि शंभरने गुणायचं. तुमच्या वडिलांचं लगेचचं मिक्स घेतलं तर ३६ वजा ३० म्हणजे ६, भागिले ८४, म्हणजे सुमारे ७. बऱ्याच लॅब १५ च्या वर गेलं की ‘करेक्ट झालं नाही’ म्हणतात, आणि ११ च्या खाली असेल तर ‘झालं’. मधला पट्टा संशयाचा. कुठली सीमा पकडायची हे प्रत्येक लॅबने आपल्या रिएजंटवर तपासून ठरवायचं असतं. ७ म्हणजे करेक्टेड, त्यात शंका नाही.

आता तेच मिक्स झाकण लावलेल्या नळीत ३७ अंशांवर दोन तास ठेवल्यावर ६१ आलं. पूलही तेवढाच वेळ ठेवला तर ३२ आला. ६१ वजा ३२ म्हणजे २९, भागिले ८४, म्हणजे ३४ च्या वर. इनहिबिटर आहे हे सांगणारा आकडा हाच.

लगेच का दिसला नाही? फॅक्टर आठविरुद्धच्या अँटीबॉडी बहुतेक वेळा संथ असतात. त्यांना वेळ लागतो आणि शरीराचं तापमान लागतं. प्लाझ्मात फॅक्टर आठ एकटा फिरत नाही, तो व्हॉन विलेब्रांड फॅक्टरला चिकटलेला असतो आणि त्याच्या आड काही काळ सुरक्षित राहतो. त्यामुळे मिसळल्यानंतर पहिल्या काही मिनिटांत पुलाचा फॅक्टर आठ शाबूत असतो आणि रिपोर्टवर ‘करेक्टेड’ छापलं जातं. फक्त लगेचचं मिक्स करून ‘फॅक्टरची कमतरता’ असा निष्कर्ष लिहिणाऱ्या लॅबबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. म्हाताऱ्या माणसाला अचानक रक्तस्राव सुरू झाला असेल तर दोन तासांची नळी ऐच्छिक नसते. तुमच्या लॅबने ती केली हे चांगलं झालं.

लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट नावाचा दुसरा नेहमीचा इनहिबिटर याच्या उलट वागतो. तो फॉस्फोलिपिडशी निगडित असल्यामुळे वेळेची वाट बघत नाही. त्यात ८४ च्या पेशंटचं मिक्स लगेच ५५ आलं असतं आणि दोन तासांनीही साधारण तिथेच राहिलं असतं. असा माणूस सहसा रक्तस्रावाने नव्हे, तर नको तिथे गुठळी झाल्याने डॉक्टरांकडे येतो. म्हणून रिपोर्ट वाचताना पेशंटला काय होतंय हे कळलं नाही तर निम्मी माहिती हातची जाते. अर्थात नियमाला अपवाद आहेतच: फॅक्टर आठचे काही इनहिबिटर इतके जोरदार असतात की लगेचच्या मिक्समध्येच दिसतात, आणि काही लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंट वेळेनुसार थोडे वाढतात. त्यामुळे मिक्सिंग स्टडीवर निदान पक्कं होत नाही, पुढची चाचणी कुठली करायची हे ठरतं.

तुमच्या रिपोर्टमध्ये एक आकडा मला दिसत नाही, तो लॅबला विचारा. ३७ अंशांवर ठेवल्यावर फॅक्टर पाच आणि आठ आपोआपही थोडे मरतात. पूल ३० वरून ३२ वर गेला तो त्यामुळेच. मग मिक्समधली वाढ अँटीबॉडीमुळे झाली की नुसत्या उष्णतेने? हे कळायला आणखी एक जोडी लागते. पेशंटचा प्लाझ्मा आणि पूल दोन वेगळ्या नळ्यांत दोन तास ठेवायचे, आणि मग मिसळून लगेच एपीटीटी करायचा. इथे उष्णतेचा परिणाम तेवढाच होतो, पण अँटीबॉडीला पुलावर काम करायला वेळ मिळत नाही. ही जोडी ३८-४० वर आली आणि एकत्र ठेवलेलं मिक्स ६१ वर, तर फरक अँटीबॉडीचाच. दोन्ही ६० च्या घरात आले तर मला निष्कर्षाची घाई करावीशी वाटणार नाही. नळी उघडी राहिली की कार्बन डायऑक्साइड उडून प्लाझ्माचा पीएच चढतो आणि त्यानेही फॅक्टर आठ जातो, म्हणून वर झाकणाचा मुद्दाम उल्लेख केला.

आणखी दोन गोष्टी या चाचणीला हमखास फसवतात. पहिली हेपारिन, रक्त गोठू न देणारं औषध. वडील आयसीयूत किंवा डायलिसिसवर असतील आणि रक्त लाइनमधून काढलं असेल, तर त्यातलं हेपारिन हुबेहूब इनहिबिटरसारखं दिसतं. थ्रॉम्बिन टाइम केला की ते उघड होतं: हेपारिन असेल तर तो खूप लांबतो, फॅक्टर आठच्या इनहिबिटरमध्ये नॉर्मल राहतो. डॅबिगॅट्रान किंवा रिव्हरॉक्सबॅनसारखी रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर तीही आधी सांगा. दुसरी गोष्ट म्हणजे प्लाझ्मात राहून गेलेल्या प्लेटलेट. प्लाझ्मा दोनदा सेंट्रिफ्यूज करून प्लेटलेट मायक्रोलिटरला १०,००० च्या खाली आणल्या नाहीत आणि तो तसाच गोठवून ठेवला, तर फुटलेल्या प्लेटलेटमधलं फॉस्फोलिपिड लुपस अँटिकोअ‍ॅग्युलंटला झाकून टाकतं. वडिलांच्या बाबतीत ही दुसरी शंका मला कमी वाटते.

यानंतर दोन चाचण्या होतील. फॅक्टर आठची पातळी, आणि ती कमी निघाली की अँटीबॉडी किती आहे हे मोजणारी बेथेस्डा चाचणी. बेथेस्डामध्येही तीच युक्ती असते: पेशंटचा प्लाझ्मा पुलात मिसळून दोन तास ३७ अंशांवर ठेवतात आणि किती फॅक्टर आठ उरला ते मोजतात. निम्मा उरला तर १ बेथेस्डा युनिट, पाव उरला तर २. अँटीबॉडी जास्त असेल तर पेशंटचा प्लाझ्मा पातळ करत जातात. २० पट पातळ केल्यावर निम्मा उरला, तर २० युनिट. १९९५ पासून निमेगेन पद्धत आली, ज्यात पुलाचा पीएच बफरने ७.४ वर धरून ठेवतात आणि तुलनेच्या नळीत फॅक्टर आठ नसलेला प्लाझ्मा घालतात. हल्ली मोठ्या लॅब तीच वापरतात. आपली लॅब कुठली वापरते ते विचारून घ्या, टायटर, म्हणजे अँटीबॉडीचं प्रमाण, कमी असेल तर फरक पडतो.

इथे एक सावधगिरी. रिपोर्टवर फॅक्टर आठ ३ किंवा ५ टक्के आला, तर नात्यातलं कुणीतरी ‘शून्य तर नाही ना’ म्हणून निश्चिंत होईल. जन्मजात हिमोफिलियात ५ टक्के असलेला माणूस एरवी बराच ठीक असतो, पण इथे ते गणित लागू पडत नाही. या अँटीबॉडी फॅक्टर आठ पूर्ण संपवत नाहीत, थोडा शिल्लक ठेवतात, आणि तरीही जोरदार रक्तस्राव होतो. पातळी किंवा टायटर यावरून रक्तस्राव किती होईल याचा अंदाज बांधता येत नाही.

याच कारणामुळे प्लाझ्मा चढवून फारसा उपयोग होत नाही, आत गेलेला फॅक्टर आठही अँटीबॉडी खाऊन टाकते. रक्तस्राव थांबवायला फॅक्टर आठला वळसा घालणारी औषधं देतात, जसं रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए किंवा एफईआयबीए. ती महाग आहेत आणि लहान गावात मिळणं कठीण, म्हणून हॉस्पिटल निवडताना हाच प्रश्न आधी विचारा. अँटीबॉडी दाबायला स्टेरॉइड आणि त्याच्या जोडीला दुसरी औषधं, हे डॉक्टर ठरवतील. निम्म्या पेशंटमध्ये मूळ कारण सापडत नाही. उरलेल्यांत कॅन्सर, स्वयंप्रतिकार आजार किंवा एखादं औषध निघतं, म्हणून त्यांच्या बाकीच्या तपासण्या होतील त्याचं आश्चर्य वाटू देऊ नका.

उपचारात एमिसिझुमॅब सुरू झालं तर पुढचे एपीटीटी रिपोर्ट बघून हुरळून जाऊ नका. ते औषध फॅक्टर आठचं काम स्वतः करतं, त्यामुळे एपीटीटी लगेच नॉर्मल किंवा त्याहूनही कमी येतो, मग अँटीबॉडी तशीच असली तरी. नेहमीच्या बेथेस्डालाही ते फसवतं. तेव्हा लॅबला औषधाचं नाव लिहून द्यायचं आणि गाईच्या फॅक्टरवर चालणारी क्रोमोजेनिक चाचणी मागायची.