स्टॉपिंग पोटेन्शियल: व्होल्ट की इलेक्ट्रॉनव्होल्ट?

प्रश्न: मुलगी बारावीला आहे. फोटोइलेक्ट्रिकच्या गणितात तिने 'स्टॉपिंग पोटेन्शियल 0.57 इलेक्ट्रॉनव्होल्ट' असं लिहिलं, तर सरांनी अर्धा मार्क कापला. आकडा तर बरोबर आहे. मग व्होल्ट म्हटलं काय आणि इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हटलं काय, फरक कुठे पडतो? (एक पालक, सोलापूर)

उत्तर: अर्धा मार्क गेला तो रास्तच गेला. स्टॉपिंग पोटेन्शियल म्हणजे प्रकाशामुळे धातूतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनना अडवायला लागणारं विभवांतर, आणि विभवांतर व्होल्टमध्येच सांगायचं. इलेक्ट्रॉनव्होल्ट नावात 'व्होल्ट' घेऊन फिरत असला तरी तो ऊर्जेचा, म्हणजे ज्यूलच्या जातीचा. एक इलेक्ट्रॉन एक व्होल्टचं विभवांतर ओलांडतो तेव्हा त्याच्या ऊर्जेत जेवढा फरक पडतो तेवढी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट, 1.6 × 10⁻¹⁹ ज्यूल.

सोलापूरच्या मार्केट यार्डातलं बोलायचं तर व्होल्ट हा भाव आहे आणि इलेक्ट्रॉनव्होल्ट ही पट्टीवरची रक्कम. कांदा क्विंटलला 1500 रुपये गेला आणि माल नेमका एकच क्विंटल असला तर रक्कमही 1500 येते. आकडा एकच, पण म्हणून भाव म्हणजे रक्कम होत नाही. इथे 'माल' म्हणजे विद्युतभार, आणि इलेक्ट्रॉनवर तो नेमका एक e असतो, म्हणून आकडे जुळतात. दोन e भार असलेला अल्फा कण त्याच 0.57 व्होल्टमधून गेला तर ऊर्जा 1.14 इलेक्ट्रॉनव्होल्ट होईल आणि आकडे लगेच वेगळे दिसतील.

मुलांचा गोंधळ उडतो तो मात्र व्याख्येमुळे नाही, लिखाणामुळे. आईन्स्टाईनचं समीकरण वहीत असं असतं:

eV₀ = hν − φ

यात hν म्हणजे प्रकाशाच्या एका फोटॉनची ऊर्जा, आणि φ म्हणजे धातूचं वर्क फंक्शन, इलेक्ट्रॉन धातूतून सुटायला लागणारी किमान ऊर्जा. आणि उत्तराच्या ओळीत येतं:

eV₀ = 0.57 eV

या दुसऱ्या ओळीत eV दोनदा आलंय. डावीकडे e म्हणजे इलेक्ट्रॉनचा भार आणि V₀ म्हणजे स्टॉपिंग पोटेन्शियल, दोघांचा गुणाकार. उजवीकडे eV हे एकक. छापील पुस्तकात राशी तिरप्या अक्षरात आणि एकक सरळ अक्षरात छापायची पद्धत आहे, पण हाताने लिहिताना दोन्ही सारखंच दिसतं. ही ओळ वाचायची अशी: भार गुणिले विभवांतर बरोबर 0.57 इलेक्ट्रॉनव्होल्ट. दोन्ही बाजूंना e ने भागलं की V₀ = 0.57 व्होल्ट. उजवीकडच्या एककातला e इथेच जातो. तो तसाच ठेवला की 'स्टॉपिंग पोटेन्शियल 0.57 इलेक्ट्रॉनव्होल्ट' असं उत्तर तयार होतं.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. धातू सोडियम, वर्क फंक्शन 2.28 इलेक्ट्रॉनव्होल्ट धरू (पुस्तकागणिक हा आकडा थोडा बदलतो, गणितात दिलेला घ्यायचा). प्रकाश पाऱ्याच्या दिव्यातला निळा-जांभळा, तरंगलांबी 435.8 नॅनोमीटर. फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये हवी तर 1240 ला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागायचं: 1240 ÷ 435.8 = 2.85. त्यातून धातू 2.28 ठेवून घेतो, उरतात 0.57 इलेक्ट्रॉनव्होल्ट. ही सर्वांत वेगवान इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा, आणि त्यालाही अडवायला लागणारं विभवांतर 0.57 व्होल्ट.

एककाकडे दुर्लक्ष केलं की अर्ध्या मार्कावर भागत नाही, आकडासुद्धा जातो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक अशी: h ची किंमत 6.63 × 10⁻³⁴ ज्यूल-सेकंद घेऊन hν काढतात, 4.56 × 10⁻¹⁹ येतात, आणि त्यातून सरळ 2.28 वजा करतात. ज्यूलमधून इलेक्ट्रॉनव्होल्ट वजा! उत्तर जवळजवळ −2.28 येतं, कारण 10⁻¹⁹ चा आकडा त्यापुढे नगण्य. 'वजा 2.28' दिसलं की समजावं, ज्यूलमध्ये बदलायचं राहिलं. दुसरी चूक उलट्या दिशेची. सगळं इलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये नीट करून 0.57 पर्यंत येतात, आणि सूत्रात e ने भागायचंय म्हणून पुन्हा 1.6 × 10⁻¹⁹ ने भागतात. मग 3.6 × 10¹⁸ व्होल्ट येतात. नेहमीच्या गणितांत स्टॉपिंग पोटेन्शियल काही दशांशांपासून पाच-सहा व्होल्टपर्यंत असतं. घात अधिक अठरा आला की एककात घोळ झालाय हे नक्की.

थ्रेशोल्ड फ्रिक्वेन्सीला, म्हणजे जिच्याखाली इलेक्ट्रॉन सुटतच नाही त्या उंबरठा वारंवारतेला, मात्र ज्यूल टाळता येत नाहीत, निदान h ज्यूल-सेकंदात घेतला असेल तर. 2.28 × 1.6 × 10⁻¹⁹ = 3.65 × 10⁻¹⁹ ज्यूल, त्याला h ने भागून 5.5 × 10¹⁴ हर्ट्झ. तरंगलांबीत सांगायचं तर सुमारे 544 नॅनोमीटर. सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश 589 नॅनोमीटरचा, म्हणजे फोटॉनमागे 2.1 इलेक्ट्रॉनव्होल्टच. त्याने सोडियममधून इलेक्ट्रॉन सुटत नाही, आणि तिथे स्टॉपिंग पोटेन्शियल 'वजा 0.18 व्होल्ट' लिहायचं नसतं. इलेक्ट्रॉनच नाही तर अडवायचं कोणाला? उत्तर 'उत्सर्जन होत नाही' असं लिहावं.

वजा चिन्हाचं आणखी एक. कलेक्टर प्लेट उत्सर्जकाच्या मानाने ऋण ठेवावी लागते, म्हणून आलेखात तो बिंदू −0.57 व्होल्टवर दिसतो. पण बोलताना, लिहिताना स्टॉपिंग पोटेन्शियल धनच सांगायची रीत आहे.

आलेखाच्या प्रश्नात दोन्ही एककं शेजारी येतात. V₀ आणि ν चा आलेख सरळ रेषा असते. तिचा चढ h/e, म्हणजे 4.14 × 10⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद, कोणत्याही धातूसाठी तोच. रेषा मागे वाढवली की ती उभ्या अक्षाला −2.28 वर कापते. अक्षावर व्होल्ट आहेत, म्हणून छेद −2.28 व्होल्ट लिहायचा, आणि वर्क फंक्शन 2.28 इलेक्ट्रॉनव्होल्ट, वजा चिन्हाशिवाय. 'वर्क फंक्शन −2.28 व्होल्ट' असं लिहिणाऱ्याचं चिन्ह आणि एकक दोन्ही चुकतात.

मुलीच्या कॉलेजात हा प्रयोग असेल तर एवढं तिच्या कानावर घाला. मीटरवरून काढलेला उभ्या अक्षावरचा छेद तक्त्यातल्या वर्क फंक्शनशी बऱ्याचदा जुळत नाही. उत्सर्जक आणि कलेक्टर वेगळ्या धातूंचे असतात, त्यांच्यात आपसूक स्पर्श-विभवांतर तयार होतं आणि ते मीटरवर दिसत नाही. हिशेब केला तर छेदात उत्सर्जकाचं नव्हे, कलेक्टरचं वर्क फंक्शन उरतं. चढावर मात्र याचा परिणाम होत नाही, म्हणून त्यावरून h काढता येतो. मिलिकनने 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत तो असाच काढला होता.