संपण्याची तारीख नव्हे, नोटिशीची तारीख बघा

प्रश्न: आमचं सात-आठ जणांचं ऑफिस आहे. करार आणि सबस्क्रिप्शन कधी संपतात याची नोंद एक्सेलमध्ये ठेवायची आहे. कोणते रकाने हवेत? की मोबाईलमधला रिमाइंडर पुरेल?

रिमाइंडर पुरत नाही. हे मी 63,720 रुपये भरून शिकलोय.

नारायण पेठेत आमचं छोटं ऑफिस आहे. झेरॉक्स मशीन भाड्याने होतं, महिना 4,500 आणि वर 18 टक्के जीएसटी. करार 31 मार्च 2025 ला संपणार होता. माझ्या भागीदाराने मोबाईलमध्ये 15 मार्चचा रिमाइंडर लावला आणि ‘झालं काम’ म्हणाला. फेब्रुवारीत आम्ही स्वतःचं मशीन घेतलं आणि 17 तारखेला भाडेवाल्यांना कळवलं. त्यांनी करारातलं एक वाक्य दाखवलं: साठ दिवस आधी लेखी नोटीस पोचली नाही, तर करार आपोआप आणखी वर्षभर चालू. म्हणजे पत्र 30 जानेवारीपर्यंत त्यांच्या हातात पडायला हवं होतं. आम्ही संक्रांतीचा तिळगूळ वाटत होतो, त्याच पंधरवड्यात. मग वर्षभर दोन मशीनं शेजारी-शेजारी, एक नुसतंच धूळ खात.

म्हणून माझ्या वहीत संपण्याची तारीख B मध्ये, नोटिशीचे दिवस C मध्ये आणि पत्र टाकायची तारीख D मध्ये असते:

```
=B2-C2-7
```

ते सात दिवस टपालाचे. वरच्या करारात D मध्ये 23 जानेवारी आली असती. यादी D वर लावायची, B वर नाही. करारात ‘दोन महिने’ लिहिलं असेल तर साठ दिवस धरू नका, `=EDATE(B2,-2)-7` वापरा. आमच्या करारात तो फरक एका दिवसाचाच होता, पण भांडण त्या एका दिवसावरच होतं.

दुसरी चूकही भागीदाराचीच. तो बिलावरचा आकडा तसाच लिहायचा. अँटीव्हायरस 9,000, झेरॉक्स 4,500. साहजिकच सगळ्यांचं लक्ष अँटीव्हायरसवर. पण पहिला आकडा वर्षाचा, दुसरा महिन्याचा! वेगळा ‘वार्षिक खर्च’ रकाना करा: मासिक गुणिले 12, तिमाही गुणिले 4, तीन वर्षांचे एकदम भरले असतील तर भागिले 3. बेरीज याच रकान्याची. तसं केल्यावर झेरॉक्स 54,000 वर गेलं आणि यादीत पहिलं आलं. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर आकडे कराविना लिहा. आम्हाला मिळत नाही, म्हणून आमच्या रकान्यात झेरॉक्स करासह 63,720.

हो, कार्डावरून आपोआप पैसे कापणाऱ्या सॉफ्टवेअरला बहुधा नोटीस नसते. तिथे ऑटो-रिन्यू बंद करायचा शेवटचा दिवस D मध्ये हाताने टाका. आणि नोटिशीची पोचपावती स्कॅन करून त्याच ओळीला लिंक करा.

भागीदार अजून म्हणतो, रिमाइंडर वाजला होता ना. वाजला होता, 15 मार्चला.